खेळ घडवू पाहणाऱ्या नवशिक्याचे सहा महिने

दहावीची परीक्षा आटोपून निकालाची वाट पाहण्याचा जो मोकळा काळ असतो, त्यात पुष्कळ मुलामुलींच्या मनात, आजवर आपण दुसऱ्यांनी केलेले खेळ खेळत आलो, आता एखादा आपण स्वतःच करून पाहावा, अशी इच्छा उत्पन्न होते. आणि ज्याने संगणकाला आजपर्यंत एका ओळीचाही हुकूम लिहून दिलेला नाही असा हा नवशिका सर्वांत आधी विचारतो तो प्रश्न असा की, कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु त्यावर जितका खल केला जातो तितके त्याचे महत्त्व नाही. अधिक महत्त्वाचा प्रश्न वेळेच्या हिशेबाचा आहे. एप्रिलपासून सप्टेंबरअखेरपर्यंतची मुदत धरली, आणि मध्येच अकरावीचा प्रवेश, नवे कॉलेज व क्लास या बाबी येणारच हे गृहीत धरून रोज एक तास व रविवारी दोन तास अशी माफक तजवीज केली, तर आठवड्याला आठ आणि २६ आठवड्यांत सुमारे २०० तास पदरी पडतात.

या २०० तासांत तीन-चार लहान खेळ पुरे करून शेवटी स्वतःच्या कल्पनेतला एक, तोही एकाच पडद्यावर मावणारा, खेळ लोकांपुढे ठेवता येतो. आपल्या मनात असलेले मोठे शहर, त्यातल्या मोटारी, बंदुका आणि दूरदेशीच्या मित्रांशी एकाच वेळी चालणारी झुंज हे त्यात बसत नाही. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा २०१६ साली प्रसिद्ध झालेला खेळ एरिक बॅरोन या एकट्या माणसाने केला खरा, पण त्यासाठी त्याला चार वर्षांहून अधिक काळ लागला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ हा २०२० सालचा खेळ तर अनुभवी मंडळींच्या एका गटाचे काम होते. म्हणून प्रस्तुत आढाव्यात सहा महिन्यांची मोजणी शिकलेल्या प्रकरणांवरून केलेली नाही, पुऱ्या झालेल्या खेळांवरून केली आहे. जो खेळ सुरू होतो, हरता येतो, आणि पुन्हा सुरू करता येतो, तो पुरा समजावा.

साधनांच्या प्रश्नाचा निकाल आधी लावून टाकू. अनरियल हे साधन मोठ्या चित्रपटसदृश खेळांसाठी आहे. ते उतरवून घ्यायलाच अनेक गिगाबाइटांची जागा लागते आणि त्याची मूळ भाषा सी प्लस प्लस ही नवशिक्याला कठोर वाटते. युनिटीचा प्रसार मोठा, शिकवणीचा मजकूर विपुल, आणि तिची सी-शार्प ही भाषा पुढे नोकरीतही उपयोगी पडते. मात्र सप्टेंबर २०२३ मध्ये त्या कंपनीने, ठराविक मर्यादा ओलांडलेल्या खेळांवर प्रत्येक नव्या स्थापनेमागे शुल्क घेण्याचा बेत जाहीर केला, त्यावर गहजब झाला, आणि वर्षभराने तो बेत रद्द करावा लागला. नवशिक्याला त्या शुल्काची झळ कधीच लागली नसती. पण या प्रकरणानंतर अनेकांचे लक्ष गोडो या मुक्त साधनाकडे वळले. अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की व आरिएल मांझूर यांनी आरंभिलेले आणि २०१४ साली सर्वांना खुले केलेले हे साधन विनामूल्य आहे, शंभर-सव्वाशे मेगाबाइटांच्या आसपास भरते, जुन्या लॅपटॉपवरही ‘कंपॅटिबिलिटी’ हा पर्याय निवडल्यास निमूटपणे चालते, आणि त्याची जीडीस्क्रिप्ट ही भाषा वाचायला सोपी आहे. ज्या घरात संगणकच नाही तेथे अँड्रॉइड फोनवरही गोडोची आवृत्ती मिळते. फोनच्या पडद्यावर बोटांनी कोड लिहिणे हा मात्र देहदंडच आहे, तेव्हा स्वस्तातला एखादा कीबोर्ड जोडून घ्यावा. माझे मत गोडोच्या बाजूचे आहे, आणि पुढील सारे विवेचन त्याला धरून आहे. परंतु पहिला महिना त्याचाही नव्हे.

पहिला महिना स्क्रॅचचा. अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझ्निक यांच्या गटाने तयार केलेले आणि २००७ पासून जगभर वापरात असलेले हे साधन लहान मुलांचे आहे अशी समजूत असल्यामुळे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला ते कमीपणाचे वाटते. पण हार्वर्ड विद्यापीठाच्या संगणकशास्त्राच्या सुप्रसिद्ध प्रास्ताविक अभ्यासक्रमाचाही प्रारंभ स्क्रॅचनेच होतो. कारण असे की, कोड लिहिताना नवशिक्याच्या वाट्याला दोन संकटे एकाच वेळी येतात: काय सांगावे हे कळत नाही, आणि जे कळले ते बिनचूक लिहिता येत नाही. स्क्रॅचमध्ये हुकूम लिहायचे नसून ठोकळ्यांसारखे जोडायचे असल्यामुळे दुसरे संकट महिनाभर लांबणीवर पडते.

या महिन्यात करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. स्क्रॅचचा रंगमंच ४८० रुंद व ३६० उंच, मध्यबिंदूला शून्य. म्हणजे शाळेच्या आलेखवहीतले निर्देशक येथे प्रथमच कशाच्या तरी कामी येतात. पहिल्या आठवड्यात पाठलागाचा खेळ, दुसऱ्यात वरून पडणारी फळे टोपलीत झेलण्याचा, आणि तिसऱ्यात उडी. उडीसाठी ‘वेग’ नावाचे एक चल करावे, आणि सतत फिरणाऱ्या आवर्तनात दोन ठोकळे ठेवावेत: वेगातून दर फेरीला १ वजा करणे, आणि तो वेग उंचीत मिळविणे. जमिनीवर असताना कळ दाबली तर वेग १५ करावा. मांजर वर जाते, मंदावते, क्षणभर थांबल्यासारखे होते आणि खाली येते. हे दोन ठोकळे नीट ध्यानात ठेवावेत, कारण चौथ्या महिन्यात ते वेष पालटून पुन्हा भेटणार आहेत. ठोकळ्यांची उतरंड पडद्याबाहेर जाऊ लागली आणि हवा तो ठोकळा शोधण्यातच वेळ जाऊ लागला, की स्क्रॅच सोडण्याची वेळ झाली असे समजावे.

दुसरा महिना सर्वांत रुक्ष, आणि बहुसंख्य नवशिके येथेच गळतात. जीडीक्वेस्ट या मंडळींचा ‘लर्न जीडीस्क्रिप्ट फ्रॉम झीरो’ हा विनामूल्य पाठ ब्राउझरमध्येच चालतो. त्याला दहा-बारा दिवस द्यावेत. नंतर गोडोच्या अधिकृत दस्तऐवजातील ‘युअर फर्स्ट टू-डी गेम’ हे प्रकरण, शत्रूंना चुकवीत राहण्याचा एक लहानसा खेळ, जसेच्या तसे करावे. येथे एक सावधगिरीची सूचना: गोडोची चौथी पिढी मार्च २०२३ मध्ये आली, आणि तिने तिसऱ्या पिढीतील पुष्कळ नावे बदलली. शिकवणीच्या व्हिडिओत `KinematicBody2D` असे नाव दिसले की ती जुनी आहे असे ओळखून बंद करावी. नव्या पिढीत त्याचे नाव `CharacterBody2D` आहे. हे माहीत नसल्यामुळे, अक्षरन् अक्षर उतरवूनही चालत नाही म्हणून स्वतःच्या बुद्धीला दोष देणारी मुले पुष्कळ.

चूक झाली असता यंत्र जी कैफियत देते ती वाचण्याची सवय याच महिन्यात लागली पाहिजे. `Cannot call method 'play' on a null value.` अशी लाल ओळ दिसली, तर तिचा अर्थ एवढाच की ज्या वस्तूला आवाज काढायला सांगितले ती वस्तू त्या नावाने सापडली नाही. दहापैकी नऊ वेळा गोडोतील वस्तूंच्या झाडात तिचे नाव `Sound` असते आणि कोडमध्ये `$sound` लिहिलेले असते. कैफियतीबरोबर ओळीचा क्रमांकही येतो. आधी तो क्रमांक, मग ती ओळ, मग तिच्यातली नावे, या क्रमाने पाहण्याचा शिरस्ता ठेवला तर निम्म्या चुका पाच मिनिटांत मिटतात.

महिन्याअखेर पाँग करावा. १९७२ साली अटारी कंपनीत नव्यानेच आलेल्या अ‍ॅलन अल्कॉर्नला निव्वळ सराव म्हणून जो खेळ करायला दिला होता तोच हा, दोन फळ्या आणि एक चेंडू; सरावाचे काम म्हणून त्याची योग्यता अद्याप उणावलेली नाही. त्यात दोन गोष्टी अशा दडलेल्या आहेत की त्या ज्याला समजल्या त्याला पुढील सर्व खेळांतील गतीचे मर्म समजले.

पहिली गोष्ट काळाची. नवशिका चेंडू हलविण्यासाठी प्रत्येक चित्रचौकटीला `position.x += 5` असे लिहितो, आणि घरच्या पडद्यावर, जो सेकंदाला ६० चौकटी दाखवितो, चेंडू सेकंदाला ३०० पिक्सेल चालतो. तोच खेळ मित्राच्या १४४ चौकटींच्या पडद्यावर लावला की चेंडू सेकंदाला ७२० पिक्सेल धावू लागतो आणि खेळ हाताबाहेर जातो. उपाय असा की वेग चौकटीच्या मापाने न सांगता सेकंदाच्या मापाने सांगावा, आणि मागल्या चौकटीपासून जितका काळ गेला त्याने, म्हणजे गोडो ज्याला `delta` म्हणते त्याने, गुणावे: `position.x += 300 * delta`. टांगेवाल्याने भाडे पावलांवर न घेता मैलांवर घ्यावे तसे हे आहे. घोडा लहान पावलांचा असो की मोठ्या, हिशेब सारखाच राहतो.

दुसरी गोष्ट अंतराची. खेळात रंगत यावी म्हणून चेंडू फळीवर आपटेल तेव्हा त्याचा वेग पाच टक्क्यांनी वाढवावा असे ठरविले, आणि आरंभीचा वेग ४०० धरला, तर सलग ३० टोल्यांनंतर तो सुमारे १७२९ होतो. म्हणजे सेकंदाच्या साठाव्या हिश्श्यात चेंडू जवळजवळ २९ पिक्सेलांची झेप घेतो. फळीची जाडी १६ आणि चेंडूची रुंदी १२ असेल तर दोन्ही मिळून २८. एका चौकटीत चेंडू फळीच्या अलीकडे असतो, पुढच्या चौकटीत पलीकडे, आणि मधल्या स्पर्शाचा क्षण यंत्राच्या दृष्टीने कधी आलेलाच नसतो. चेंडू फळीतून आरपार गेला अशी तक्रार घेऊन मुले येतात ती बहुधा अशी, आणि विशेष म्हणजे खेळ रंगला असतानाच येतात, कारण संथ वेगात हा दोष दिसत नाही. वेगाला कमाल मर्यादा घालणे हा एक उपाय. `move_and_collide` या हुकमाने चेंडू हलविणे हा दुसरा व अधिक बरा, कारण तो केवळ शेवटचे स्थान न पाहता मधली सगळी वाट तपासतो.

तिसऱ्या महिन्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. व्हिएतनामच्या डोंग ग्वेन याचा ‘फ्लॅपी बर्ड’ हा २०१३ सालचा एका बोटाने खेळण्याचा खेळ डोळ्यांपुढे ठेवून तशाच धर्तीचा एक करावा. त्यातून अडथळे एका नमुन्यावरून पुन्हा पुन्हा निर्माण करणे, त्यांची उंची यादृच्छिक ठेवणे, पडद्याबाहेर गेलेले अडथळे `queue_free()` ने नष्ट करणे, आणि हरल्यावर सर्व मांडणी मूळपदावर आणणे ही कामे येतात. अडथळे नष्ट करायचे विसरले तर खेळ आरंभी छान चालतो आणि दहा-पंधरा मिनिटांनी जड होत जातो. येथे व्हिडिओ पाहून काम करण्यास हरकत नाही, मात्र व्हिडिओ बंद केल्यावर त्यात नसलेली एक गोष्ट स्वतः घालावी, उदाहरणार्थ विराम किंवा दोन खेळाडू. ती घालता आली नाही तर नुसती नक्कल झाली असे समजून तो आठवडा पुन्हा करावा. यात लाजण्यासारखे काही नाही.

आता चौथा महिना, ज्यात फलाटांवरून उड्या मारीत जाण्याचा खेळ करायचा. गोडो आपण होऊन जो नमुना देते त्याचा गाभा असा आहे:

```
const SPEED = 300.0
const JUMP_VELOCITY = -400.0

func _physics_process(delta):
	if not is_on_floor():
		velocity += get_gravity() * delta
	if Input.is_action_just_pressed("ui_accept") and is_on_floor():
		velocity.y = JUMP_VELOCITY
	velocity.x = Input.get_axis("ui_left", "ui_right") * SPEED
	move_and_slide()
```

स्क्रॅचमधील दोन ठोकळे येथे ओळखता येतील: गुरुत्व वेगात मिळते, आणि वेग स्थानात, हे दुसरे काम `move_and_slide` करते. संगणकाच्या पडद्यावर वरची दिशा ऋण मानतात म्हणून उडीचा वेग वजा आहे. `delta` ची महती कळलेला उत्साही विद्यार्थी आता सगळ्याच वेगांना त्याने गुणू लागतो, आणि त्याचा नायक सेकंदाला ३०० ऐवजी ५ पिक्सेल सरपटतो; कारण `move_and_slide` तो गुणाकार स्वतःच करते. गुरुत्वाला मात्र गुणावेच लागते. नायक गोगलगाय झाला की कारण हेच.

या नमुन्यातील आकडे हाताळून पाहणे हा चौथ्या महिन्याचा खरा अभ्यास आहे, आणि त्यासाठी लागणारे गणित नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात, गतीच्या नियमांच्या पाठात, आलेले असते. गोडोचे गुरुत्व ९८० पिक्सेल प्रति सेकंद प्रति सेकंद आहे. उडीची उंची म्हणजे वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वाची दुप्पट: ४०० चा वर्ग १,६०,०००, भागिले १९६०, म्हणजे सुमारे ८२ पिक्सेल. प्रत्यक्षात तीन-चार पिक्सेलांचा फरक पडतो, कारण यंत्र सलग नव्हे तर सेकंदाला ६० तुटक पावलांनी हिशेब करते. हवेतला काळ ८०० भागिले ९८०, म्हणजे सेकंदाचे सुमारे आठ दशांश, आणि तेवढ्यात ३०० च्या गतीने २४५ पिक्सेल अंतर कापले जाते. फलाटांच्या विटा ६४ पिक्सेलांच्या असतील तर हा नायक एक वीट चढेल, दोन चढणार नाही, आणि तीन विटांची दरी सहज ओलांडेल, चारांची मात्र भरवशाची नाही. दोन विटा चढाव्यात असे वाटले तर १२८ पिक्सेल उंचीला सुमारे ५०१ चा वेग लागतो, थोडी मोकळीक ठेवून ५२० करावा. ज्याने हा हिशेब आधी केला त्याचे नकाशे पहिल्याच खेपेस खेळता येण्याजोगे होतात. ज्याने केला नाही तो प्रत्येक दरी चाचपडत कमीजास्त करीत बसतो, आणि मग एके दिवशी उडी बदलल्यावर सगळे नकाशे रद्दबातल होतात.

इतके केल्यावरही खेळणारा कुरकुरतो: ‘मी कळ दाबली होती, तरी उडी मारली नाही!’ तो खोटे बोलत नसतो. धावता धावता फलाटाच्या अगदी टोकाला कळ दाबावी असे त्याला वाटते, आणि त्याचे बोट दोन-तीन चौकटी उशिरा पडते. तोवर नायक हवेत गेलेला असतो आणि `is_on_floor()` नाही म्हणते. मॅडी थोर्सन व नोएल बेरी यांनी आधी चार दिवसांत एक चिमुकली आवृत्ती करून पाहिलेला आणि २०१८ साली पूर्ण स्वरूपात आलेला ‘सेलेस्ट’ हा खेळ अत्यंत अवघड असूनही अन्यायी वाटत नाही, त्याचे एक कारण हे की त्यात अशा उशिराला गुपचूप माफी आहे. या सवलतीला खेळ करणारे ‘कोयोटी टाइम’ म्हणतात. ती घालायला थोड्याच ओळी लागतात:

```
if is_on_floor():
	grace = 0.1
else:
	grace -= delta
if Input.is_action_just_pressed("ui_accept") and grace > 0.0:
	velocity.y = JUMP_VELOCITY
	grace = 0.0
```

सेकंदाचा दहावा हिस्सा म्हणजे सहा चौकटी. खेळणाऱ्याला त्या जाणवत नाहीत, फक्त खेळ आपले ऐकतो असे वाटते. `grace` हे चल अर्थात फंक्शनच्या बाहेर, वरती `var grace = 0.0` असे जाहीर करावे लागते. वरील कोडची शेवटची ओळ विसरली तर चपळ बोटाचा खेळाडू त्या दहाव्या हिश्श्यात दुसऱ्यांदा कळ दाबून हवेतल्या हवेत आणखी एक उडी मिळवितो, आणि कर्त्याला तो दोष आठवडाभर सापडत नाही, कारण त्याची स्वतःची बोटे तितकी चपळ नसतात.

पाचव्या महिन्यात स्वतःचा खेळ. येथे बेत आखताना कागदाच्या एका पानाची मर्यादा घालून घ्यावी, आणि त्या पानावर एक जागा, एक कृती व हरण्याची एक रीत यांपलीकडे काही लिहू नये. दाखल्यादाखल एक बेत मांडतो. गच्चीवर पापड वाळत घातले आहेत. ते राखण्यासाठी एक मुलगी बसविली आहे. कावळे झेप घालतात. मुलगी वेळेवर पापडाशी पोहोचली तर कावळा उडून जातो, नाही तर पापड जातो. दीड मिनिट टिकले की जिंकले. कावळ्याच्या तीन अवस्था: घिरट्या, झेप, पलायन. या अवस्था एकाच चलात ठेवाव्यात. ‘झेप घेतोय का’, ‘पळतोय का’ अशी वेगवेगळी होय-नाही चले ठेवली, तर लवकरच एकाच वेळी झेप घेणारा आणि पळणारा कावळा पाहावा लागतो.

आता याही खेळात, चित्रे काढण्यापूर्वी, हिशेब करावा. गोडोची खिडकी मुळात ११५२ पिक्सेल रुंद असते, आणि मुलगी सेकंदाला ३०० धावते. म्हणजे गच्चीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला तिला पावणेचार सेकंदांहून जास्त लागतात. कावळ्याची झेप सव्वा सेकंदाची ठेवली तर तेवढ्यात ती जेमतेम ३७५ पिक्सेल जाईल, आणि बरेच पापड तिने काहीही केले तरी जातील. सबब पापड मधल्या ७२० पिक्सेलांत मांडावेत, आणि झेपेआधी कावळ्याने ओरडून सूचना द्यावी. ओरडणे व झेप मिळून अडीच सेकंद दिले तर कोठूनही कोठेही पोहोचता येते. खेळ पुढे कठीण करण्यासाठी हा अवधी हळूहळू कमी करीत जावा. तो २.४ सेकंदांखाली आला की टोकाला उभे राहणे धोक्याचे होते आणि खेळाडू आपोआप मध्यभागी परतू लागतो. ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नसते, त्याने शोधलेली असते, आणि खेळातली गोडी ती हीच. पण मध्यापासून टोक ३६० पिक्सेल, म्हणजे १.२ सेकंद, अवधी त्याखाली गेला की मध्यभागी उभा असलेला सावध खेळाडूही हरतो, आणि तो खेळ राहत नाही, जुलूम होतो. म्हणून मर्यादा दीड सेकंदापाशी थांबवावी.

चित्रांचा बाऊ करू नये. पहिले दोन आठवडे मुलगी म्हणजे निळा चौकोन आणि कावळा म्हणजे काळा त्रिकोण असला तरी वरील सारे तपासता येते. आधी चित्रे काढली तर मग ती वाया जातील या मोहाने वाईट कल्पना सोडवत नाही. केनी नावाने ओळखल्या जाणाऱ्या डच कलावंताच्या संकेतस्थळावर हजारो चित्रे व ध्वनी सर्व हक्क सोडून दिलेल्या परवान्याखाली मिळतात, ती बेलाशक वापरावीत; गूगलवर सापडलेले कोणतेही चित्र उचलू नये. रोजच्या कामाची तारीखवार नक्कल, किंवा जमल्यास गिट, या महिन्यापासून सक्तीची करावी.

सहावा महिना पुरा करण्याचा. त्यातले दोन आठवडे इतरांना खेळायला देऊन पाहण्यात जावेत, आणि त्या वेळी कर्त्याने शेजारी बसून एक अक्षरही बोलू नये. ‘इथे डावीकडे जा’ असे सांगण्याची जी उबळ येते, तीच नेमकी खेळात काय कमी आहे ते सांगते. खेळणारा छान आहे म्हणेल. त्याकडे दुर्लक्ष करून तो कितव्या सेकंदाला फोन हातात घेतो ते टिपावे.

प्रसिद्धीसाठी `itch.io` हे ठिकाण सोयीचे आहे. गोडोतून वेबसाठी खेळ निर्यात करावा, मुख्य फाइलला `index.html` नाव द्यावे, सगळ्या फाइलींचा झिप करून चढवावा. गोडो ४.३ किंवा त्यापुढील आवृत्ती असेल तर निर्यातीतील बहुसूत्री पर्याय बंद ठेवता येतो, आणि पूर्वी होणारा मनस्ताप टळतो. येथे दोन अडचणी ठरलेल्या. घरी व्यवस्थित दिसणारा कावळा वेबवर गायब होतो: विंडोजला `Crow.png` आणि `crow.png` यांत फरक वाटत नाही, निर्यात केलेल्या खेळाला वाटतो, सर्व फाइलींची नावे पहिल्या दिवसापासून लहान लिपीत ठेवली तर हे उद्भवत नाही. आणि खेळ सुरू झाला तरी आवाज येत नाही: पाहणाऱ्याने पानावर एकदा टिचकी मारल्याशिवाय ब्राउझर ध्वनी वाजू देत नाहीत, म्हणून आरंभी ‘सुरू करा’ असे बटण असलेला पडदा हवाच.

दुवा मित्रांच्या गटात टाकला की पहिल्याच संध्याकाळी तक्रार येईल ती अशी की फोनवर मुलगी हलतच नाही, कारण निम्म्याहून अधिक मंडळी खेळ फोनवर उघडणार आणि तेथे बाणांच्या कळा नसतात. `TouchScreenButton` जातीची डावी-उजवी दोन बटणे पडद्याच्या खालच्या कोपऱ्यांत, अंगठ्याखाली येतील इतकी मोठी, घालावी लागतील; त्यांच्या `action` या रकान्यात अनुक्रमे `ui_left` आणि `ui_right` लिहिले की जुना कोड जसाच्या तसा चालतो. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारचे काम ते.